मॅच झाली, पण बोलणार कोण?

डेटिंग ॲप वापरणाऱ्या कुणालाही विचारा, एक तक्रार हमखास ऐकायला मिळते: मॅच झाली, मी 'हाय' टाकलं, पुढे काहीच नाही. मॅचच्या यादीत नावं वाढत जातात आणि चॅटचा रकाना रिकामाच राहतो. समोरच्याला बोलायचंच नव्हतं, तर त्याने किंवा तिने उजवीकडे स्वाइप केलं तरी कशाला?

या प्रश्नाचं बऱ्यापैकी ठोस उत्तर देणारा एक प्रयोग 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील गॅरेथ टायसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टिंडरवर पुरुषांची आणि स्त्रियांची काही बनावट प्रोफाइल तयार केली. ही प्रोफाइल समोर येईल त्या प्रत्येकाला लाइक करायची आणि नंतर गप्प बसायची. थोडक्यात, सगळ्यांशी मॅच होणारा पण कुणाशीच न बोलणारा माणूस संशोधकांनी मुद्दाम घडवला आणि त्याच्या वाट्याला काय येतं हे मोजलं.

स्त्रियांच्या प्रोफाइलना दर शंभर लाइकमागे दहाहून थोड्या जास्त मॅच मिळाल्या. पुरुषांच्या प्रोफाइलना शंभरात एकही धड नाही, सुमारे 0.6 टक्के. मॅच झाल्यावर आपणहून मेसेज पाठवणाऱ्यांचं प्रमाण मात्र उलटं निघालं: स्त्रियांमध्ये 21 टक्के आणि पुरुषांमध्ये अवघे 7 टक्के.

आता हिशेब मांडू. एका मुलीने हजार मुलांना लाइक केलं, तर या प्रमाणाने तिला शंभरेक मॅच मिळतील. त्यातले सातजण काहीतरी लिहितील आणि उरलेले नव्वदच्या वर यादीत नुसते पडून राहतील. एका मुलाने हजारांना लाइक केलं, तर सहा मॅच आणि फार तर एखादा मेसेज. हे आकडे जुने आहेत, परदेशातले आहेत आणि स्वतः तोंड न उघडणाऱ्या प्रोफाइलचे आहेत. त्यामुळे पुण्यात किंवा नाशिकमध्ये ते जसेच्या तसे लागू होतील असं नाही. पण मॅचनंतरची शांतता ही अपवादाची गोष्ट नाही, एवढं त्यातून स्पष्ट होतं.

असं का होतं? संशोधकांनी वापरकर्त्यांना त्यांच्या सवयीही विचारल्या आणि त्यातून एक दुष्टचक्र समोर आलं. मुलांना मॅच कमी मिळतात, म्हणून ते निवड सैल करतात. फोटो नीट न बघता, बायो न वाचता, दिसेल त्याला लाइक देत सुटतात. परिणामी मुलींना जवळजवळ प्रत्येक लाइकवर मॅच मिळू लागते, म्हणून त्या आणखी चोखंदळ होतात. त्या चोखंदळ झाल्या की मुलांच्या मॅच आणखी घटतात आणि निवड आणखी सैल होते. आपल्याकडे ॲपवर मुलांची संख्या मुलींपेक्षा पुष्कळ जास्त असल्याने हे चक्र अधिकच जोरात फिरतं.

सरसकट लाइक देणाऱ्याची खरी निवड मॅच झाल्यावर सुरू होते, हा यातला कळीचा मुद्दा. तुमचं प्रोफाइल तो तेव्हा पहिल्यांदा धड उघडून बघतो. आवडलं तर लिहितो, नाहीतर तिथेच सोडून देतो. मुलींची अडचण वेगळी असते. तिने कदाचित विचार करूनच लाइक केलेलं असतं, पण तिच्या यादीत आधीच तीस-चाळीस नावं असतात आणि बहुतेकांचा मेसेज एकाच साच्याचा. शिवाय एकदा उत्तर दिलं की पिच्छा पुरवणारे, लगेच नंबर मागणारे भेटतात, हा अनुभव गाठीशी असतो. मग गप्प राहणंच सोयीचं वाटतं.

काहींना मुळात बोलायचंच नसतं. 2017 मध्ये नेदरलँड्समधल्या तरुणांच्या अभ्यासात टिंडर वापरण्याची सहा कारणं आढळली. प्रेम आणि शरीरसंबंध ही त्यात होतीच, पण आपण कुणाला तरी आवडतो याची खात्री, थोडी गंमत आणि 'सगळेच वापरतात म्हणून' हीसुद्धा होती. खात्री हवी असलेल्याचं काम मॅच होताक्षणीच झालेलं असतं. असे लोक ओळखणं फार अवघड नाही. बायो कोरा असतो किंवा त्यात फक्त इन्स्टाग्रामचं नाव असतं, फोटो एकाच घाटाचे असतात आणि उत्तर आलंच तर ते एका शब्दाचं, उलट प्रश्न न विचारणारं असतं.

ॲप बनवणाऱ्यांनाही हा रोग माहीत आहे. टिंडरने 2015 मध्ये फुकटच्या लाइकवर मर्यादा घातली, त्यामागे सरसकट स्वाइप करणाऱ्यांना आवरणं हाही हेतू होता. बंबलने पहिला मेसेज मुलीने, तोही 24 तासांच्या आत करायचा, असा नियम ठेवला. पुढे 2024 मध्ये मुलींना आधीच एक प्रश्न लिहून ठेवायची सोय दिली, म्हणजे मुलगा थेट त्याचं उत्तर देऊन सुरुवात करू शकतो. हिंजवर एखाद्या ठरावीक फोटोला किंवा वाक्याला लाइक करायचं असतं आणि सोबत चार शब्द लिहिता येतात.

मग आपण काय करायचं? मॅचकडे फक्त दाराची कडी निघाली एवढ्याच अर्थाने बघायचं. आत यायला अजून कुणी सांगितलेलं नाही. त्यामुळे पहिला मेसेज हाच तुमचा खरा प्रस्ताव असतो. टायसन यांच्या अभ्यासात पुरुषांच्या मेसेजची मध्यक लांबी होती 12 अक्षरं, म्हणजे 'हाय, कशी आहेस' एवढ्यातच मामला आटोपलेला. स्त्रियांची 122. पुरुषांचे 63 टक्के मेसेज मॅचनंतर पाच मिनिटांतच आलेले होते. तेव्हा घाई केल्याने तुम्ही वेगळे ठरत नाही, मजकुराने ठरता.

समजा, तिच्या प्रोफाइलवर राजगडाचा फोटो आहे आणि खाली लिहिलंय, 'रविवारी ट्रेक, मग मिसळ'. 'नाइस पिक' लिहिलंत तर 'थँक्स' येईल आणि संवाद संपेल. त्याऐवजी असं लिहून बघा: 'राजगडला पाली दरवाज्याने चढलीस की गुंजवण्याकडून? चोर दरवाज्याच्या शेवटच्या टप्प्यात माझी तर चांगलीच फे फे उडाली होती.' यातून प्रोफाइल वाचल्याचं कळतं, तुमच्याबद्दल थोडंसं कळतं आणि उत्तर द्यायला तिला एक ओळ पुरते. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. 'स्वतःबद्दल सांग ना' हा प्रश्न विचारायला सोपा वाटतो, पण उत्तर देणाऱ्याला तो निबंधाचा विषय वाटतो.

मेसेज मॅच झाली त्याच दिवशी पाठवावा, कारण यादीत नवी नावं येत राहतात आणि जुनी खाली जातात. उत्तर आलं नाही तर तीन-चार दिवसांनी एकदा, वेगळा विषय काढून लिहावं. 'रिप्लाय का देत नाहीस?' असं कधीच विचारू नये. दुसऱ्यांदाही शांतताच असेल तर अनमॅच करून मोकळं व्हावं.

आपलं स्वाइपही एकदा तपासून बघायला हवं. लाइक देण्याआधी स्वतःला विचारा, आत्ता मॅच झाली तर मी या व्यक्तीला पहिलं वाक्य काय लिहीन? वाक्य सुचत नसेल तर डावीकडे स्वाइप करा. मॅच कमी होतील, पण ज्या होतील त्यांच्याशी बोलायला तुमच्याकडे काहीतरी असेल. आणि एखादी मॅच गप्प राहिलीच, तर तो नकार मानून मनाला लावून घेऊ नका. बहुतेक वेळा त्या व्यक्तीने तुमच्याबद्दल अजून काही ठरवलेलंच नसतं.