रेफरल मागणारा मेसेज

जुन्या सहकाऱ्याच्या कंपनीत एखादी ठरावीक जागा निघालेली असते आणि तिच्यासाठी त्याने आपले नाव पुढे करावे, असा मेसेज त्याला पाठवायचा असतो. तो बहुधा व्हॉट्सॲपवर किंवा लिंक्डइनवर जातो, आठ-दहा ओळींत संपतो, आणि एवढ्या ओळींतही फसतो. फसण्याचे कारण शब्दांत क्वचितच असते. ज्याच्याकडे रेफरल मागितले आहे, त्याला पुढे नेमके काय करावे लागते हे मागणाऱ्याने पाहिलेले नसते.

मध्यम किंवा मोठ्या कंपनीत कर्मचाऱ्यांसाठी रेफरलचे पोर्टल असते. तिथे जागेचा क्रमांक टाकावा लागतो, उमेदवाराचे नाव, ईमेल आणि फोन भरावा लागतो, रेझ्युमे चढवावा लागतो. त्यापुढे बहुतेक ठिकाणी प्रश्न येतात: या व्यक्तीला तुम्ही कसे ओळखता, प्रत्यक्ष एकत्र काम केले आहे का, या जागेसाठी ती योग्य का वाटते. माहिती हाताशी असेल तर हे काम पाच मिनिटांचे आहे. नसेल तर जागा शोधणे, उमेदवाराला उलट विचारणे, फाइल मागवणे यात आठवडा जातो, आणि तेवढ्यात जागा बंद झालेली असते.

वेळेपेक्षा नाजूक बाब पतीची आहे. रेफर केलेला माणूस मुलाखतीत कच्चा निघाला किंवा ऑफर स्वीकारून ऐन वेळी आलाच नाही, तर रिक्रुटर दोघांची नावे लक्षात ठेवतो. अनेक कंपन्या रेफर करणाऱ्याला बक्षिसाची रक्कम देतात, पण ती नवा माणूस रुजू होऊन काही महिने टिकल्यावरच. म्हणजे सहकाऱ्याला मदतीतून थोडा फायदा असला, तरी तो माणूस टिकण्यावर अवलंबून असतो.

नोकरीच्या शोधात जवळच्या मित्रांपेक्षा जुने सहकारी जास्त कामाला येतात, याला जुना आधार आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूटन या उपनगरात, नुकतीच नोकरी बदललेल्या व्यावसायिक, तांत्रिक आणि व्यवस्थापकीय लोकांचा अभ्यास केला आणि १९७३ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली होती, त्यांना ‘ती ओळख देणारा माणूस त्या काळात किती वेळा भेटायचा’ असे विचारले गेले. ‘वारंवार’ म्हणणारे जेमतेम १७ टक्के होते. उरलेल्यांची गाठ कधीमधी किंवा अगदी क्वचित पडत असे, आणि अशांत कॉलेजचे जुने मित्र, पूर्वीचे सहकारी आणि पूर्वीचे वरिष्ठ होते. कारण सरळ आहे. रोज भेटणाऱ्यांना तेच माहीत असते जे आपल्याला माहीत असते; दुसऱ्या कंपनीत गेलेल्याच्या कानावर वेगळ्या बातम्या येतात. जुन्या सहकाऱ्याकडे आणखी एक गोष्ट असते, जी लांबच्या मावसभावाकडे नसते: त्याने उमेदवाराचे काम पाहिलेले असते.

मेसेज लिहिण्याआधी एक गोष्ट पाळायची असते आणि तीच सर्रास चुकते. कंपनीच्या संकेतस्थळावर आधी स्वतः अर्ज करायचा नाही. अनेक कंपन्यांच्या प्रणालीत उमेदवाराची नोंद एकदा झाली की ठरावीक काळापर्यंत, पुष्कळदा सहा महिने, तोच उमेदवार नव्या रेफरलमध्ये धरला जात नाही. सहकारी फॉर्म भरतो, आणि पोर्टल सांगते की हा उमेदवार आधीच नोंदलेला आहे. हाच गोंधळ एकाच कंपनीतल्या दोघांना एकाच वेळी विचारल्यावरही होतो. दोघेही भले असतील तर दोघेही फॉर्म भरतात. ज्याचा फॉर्म उशिरा पोहोचतो तो बाद ठरतो आणि आपल्याआधी दुसऱ्याला विचारले होते हे त्याला पोर्टलवरून कळते. त्यामुळे एकाच माणसाला विचारावे आणि त्याचा नकार आल्यावरच दुसऱ्याकडे जावे. अर्ज आधीच गेलेला असेल तर ते लपवू नये. अशा वेळी सहकारी रिक्रुटरला दोन ओळींचा ईमेल तरी टाकू शकतो.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करणाऱ्या एका तरुणाला खराडीतल्या एका कंपनीची जागा दिसली. त्याची जुनी सहकारी मेघना तिथे आहे, पण तीन वर्षांत दोघांचे बोलणे नाही. त्याने आधी लिहिलेला मेसेज असा होता: “हाय मेघना, ओळखलंस का? सध्या चेंज बघतोय. तुझ्याकडे कुठे काही ओपनिंग असेल तर बघ ना. रेझ्युमे पाठवतोय.” यात उद्धटपणा नाही, पण सगळे काम मेघनावर टाकलेले आहे. जागा तिने शोधायची, रेझ्युमे वाचून ती जुळवायची, आणि ‘बघ ना’ला होकार द्यायचा की नकार, हेही तिनेच ठरवायचे. अशा मेसेजला “हो, बघते” असे उत्तर येते आणि विषय तिथेच संपतो.

नंतर लिहिलेला मेसेज असा:

“हाय मेघना, कशी आहेस? विमा पोर्टलच्या प्रोजेक्टवर आपण दीड वर्ष एकत्र होतो, त्यानंतर बोलणंच झालं नाही. आज एका कामासाठी लिहितोय. तुमच्या खराडी ऑफिसला सीनियर टेस्ट इंजिनिअरची जागा निघाली आहे, जॉब आयडी JR-10482, लिंक खाली देतोय. त्यांना ऑटोमेशन आणि एपीआय टेस्टिंग हवंय. आपली रिग्रेशन टेस्टिंग हाताने व्हायची आणि दोन दिवस खायची, ती मी ऑटोमेशनवर नेली होती, तुला आठवत असेल. तेव्हापासून तेच काम करतोय. माझं काम तू पाहिलंयस म्हणून विचारतो, या जागेसाठी मला रेफर करशील का? साइटवर अजून अर्ज केलेला नाही. नोटिस पिरियड ६० दिवस. जमण्यासारखं नसेल किंवा तिथे वेगळी परिस्थिती असेल तर बिनधास्त सांग, अजिबात वाईट वाटणार नाही. हो म्हणालीस तर रेझ्युमे आणि फॉर्ममध्ये टाकायला चार ओळी लगेच पाठवतो.”

पहिल्या दोन वाक्यांत ओळख पटते आणि तीन वर्षांच्या मौनाची दखलही घेतली जाते. तीन दिवस ‘कशी आहेस, घरचे कसे आहेत’ असे बोलून चौथ्या दिवशी कामाचे काढण्याची पद्धत आपल्याकडे आहे. पण ती समोरच्याच्या लक्षात येते आणि आधीच्या गप्पाही खोट्या वाटू लागतात. काम असेल तर ते पहिल्याच मेसेजमध्ये सांगावे, हे जास्त सभ्य.

जॉब आयडी महत्त्वाचा, कारण मोठ्या कंपनीत एकाच नावाच्या पाच-सहा जागा एकदम खुल्या असतात आणि पोर्टल नावाने नाही, क्रमांकाने चालते. रिग्रेशन टेस्टिंगची आठवण ही या मेसेजमधली सगळ्यात मोलाची ओळ आहे. ‘मी मेहनती आहे, लवकर शिकतो’ हे मेघनाला पडताळता येत नाही. दोन दिवसांचे काम ऑटोमेशनवर गेलेले तिने स्वतः पाहिले आहे. ‘ही व्यक्ती योग्य का वाटते’ या फॉर्ममधल्या प्रश्नाचे उत्तर तिला इथे तयार मिळते आणि ते खरे असल्यामुळे लिहिताना हात अडत नाही. नोटिस पिरियड सांगण्याचे कारणही व्यावहारिक आहे. भारतातल्या आयटी कंपन्यांत तो पुष्कळदा ९० दिवसांचा असतो, आणि घाई असलेला मॅनेजर तेवढ्यावरूनही नाव बाजूला ठेवतो.

नकाराची वाट मोकळी ठेवणारे वाक्य निव्वळ शिष्टाचाराचे नाही. ती टीम फुटण्याच्या बेतात असू शकते, जागा आतल्याच माणसासाठी ठरलेली असू शकते, किंवा मेघना स्वतः राजीनामा देण्याच्या तयारीत असू शकते. उमेदवाराच्या कामाबद्दल तिला खात्री नसेल, तर तेही तोंडावर न सांगता बाजूला होता येते. अर्धवट मनाने केलेले रेफरल फारसे उपयोगी पडत नाही, कारण रिक्रुटर पुष्कळदा फोन करून विचारतो, “याच्याबरोबर पुन्हा काम कराल का?” त्या वेळच्या आवाजावरून सगळे कळते.

मेसेज मराठीत असला, तरी फॉर्मसाठीच्या चार ओळी इंग्रजीतच द्याव्या लागतात, कारण त्या जशाच्या तशा चिकटवल्या जाणार असतात. त्या तृतीयपुरुषी असाव्यात: उमेदवार कोण, दोघांनी कुठे आणि किती काळ एकत्र काम केले, त्याने केलेले एक काम आणि या जागेशी त्याचा संबंध. रेझ्युमे पीडीएफमध्ये असावा आणि फाइलला स्वतःचे पूर्ण नाव असावे. ‘फायनल न्यू २’ नावाच्या फाइली रिक्रुटरकडे ढिगाने पडलेल्या असतात. ईमेल पत्ता रेझ्युमेवर एक आणि मेसेजमध्ये दुसरा असेल तर पोर्टलला ती दोन माणसे वाटतात. आणि हे सगळे सहकाऱ्याच्या ऑफिसच्या ईमेलवर न विचारता पाठवू नये. जुन्या टीमच्या ग्रुपवर तर नाहीच. त्या ग्रुपमधला कोणी सध्याच्या मॅनेजरच्या ओळखीचा निघायला वेळ लागत नाही. नेहमी बोलणे असलेल्या सहकाऱ्याला रेझ्युमे पहिल्याच मेसेजबरोबर जोडायला हरकत नाही. संपर्क तुटलेला असेल तर आधी होकार येऊ द्यावा, नाहीतर नकार द्यायच्या आधीच काम अंगावर पडल्यासारखे वाटते.

होकारानंतर रेफरल खरोखर नोंदले गेले की नाही, हे ओळखायची खूण उमेदवाराकडेच येते. बहुतेक प्रणाली त्याला एक ईमेल पाठवतात. त्यात लिंक असते आणि तिच्यावर जाऊन उरलेला अर्ज त्यानेच पूर्ण करायचा असतो. हा ईमेल अनेकदा स्पॅममध्ये जातो आणि लिंकची मुदतही संपते. तेव्हा “फॉर्म भरला” असा निरोप आल्यावर त्याच दिवशी स्पॅमसकट सगळी पेटी पाहावी, आणि ईमेल नसेल तर सहकाऱ्याला तेवढेच विचारावे.

त्यानंतर आठ-दहा दिवस थांबावे. मग एकच मेसेज पुरतो: “काही कळलं तर सांग, नाहीतर राहू दे.” रेफर करणाऱ्याला पोर्टलवर ‘विचाराधीन’ यासारखा एखादा शब्द दिसतो, त्यापलीकडे त्यालाही बहुधा काही कळत नाही, रोज विचारल्याने त्यात भर पडत नाही. रेफरलने मिळते ते एवढेच की रेझ्युमे अर्जांच्या गर्दीतून वर येतो आणि माणसाच्या नजरेखाली जाण्याची शक्यता वाढते. पुढच्या फेऱ्या सगळ्यांसारख्याच असतात, आणि ज्या कंपनीत एका जागेसाठी डझनांनी रेफरल येतात तिथे हा फायदाही पातळ होतो. अनोळखी माणसे समाजमाध्यमांवर पैसे घेऊन रेफरल देऊ करतात, त्यांच्या नादी लागू नये. मुळात त्यांनी उमेदवाराचे काम पाहिलेलेच नसते, आणि कंपनीला कळले तर दोघेही अडचणीत येतात.

मुलाखतीची तारीख ठरली, नकार आला किंवा दुसरीकडे ऑफर स्वीकारली, तर ते सहकाऱ्याला उमेदवाराकडून आधी कळायला हवे, रिक्रुटरकडून नव्हे. विशेषतः ऑफर नाकारताना. तिच्या नावावर आलेला माणूस का गेला, हे मेघनाला कोणी कॅन्टीनमध्ये विचारले तर तिच्याकडे उत्तर असायला हवे.