ऐकलेलं घरी येतं तेव्हा

लैंगिक अत्याचार झालेल्या मुलांसोबत काम करणारी एक समुपदेशक माझ्याकडे सुपरव्हिजनला येते. ओळख पटू नये म्हणून इथे काही तपशील बदलले आहेत. एकदा बोलता बोलता ती म्हणाली, "मॅडम, मी मुलीची स्कूल व्हॅन बंद केली. आता रोज मीच सोडते." व्हॅनवाले काका चार वर्षांपासूनचे. त्यांच्याबद्दल कधी कुणाची तक्रार नव्हती. पण त्या महिन्यात तिच्याकडे आलेल्या तिन्ही मुलांच्या बाबतीत आरोपी घराच्या विश्वासातला माणूस होता.

अशा वेळी सहकारी म्हणतात, "दमली आहेस, चार दिवस सुट्टी घे." पहिला गैरसमज हाच. कामाच्या रेट्याने येणारा थकवा वेगळा, तो सुट्टीने बराचसा उतरतो. करुणेचा थकवा म्हणजे दुसऱ्याचं दुःख सतत झेलून मन बधिर होणं. समोरचा रडत असतो आणि आपण घड्याळाकडे बघत असतो. चार्ल्स फिगली यांच्या 1995च्या पुस्तकानंतर हा शब्द समुपदेशनात रुळला. व्हॅन बंद होणं यापेक्षाही खोलवरचं आहे. लिसा मॅककॅन आणि लॉरी अॅन पर्लमन यांनी 1990 मध्ये त्याला 'व्हायकेरियस ट्रॉमटायझेशन' म्हटलं. आपण त्याला परोक्ष आघात म्हणू. यात बदलतो तो जगाकडे बघण्याचा चष्मा: कोण सुरक्षित, कुणावर विसंबायचं, आपल्या हातात किती आहे. असा चष्मा घेऊन माणूस महाबळेश्वरला गेला, तरी तिथल्या गर्दीतही तो लहान मुलांजवळ उभ्या पुरुषांवरच नजर ठेवतो.

दुसरा गैरसमज मला सर्वांत क्रूर वाटतो: ज्याला त्रास होतो तो मनाने कच्चा, या कामाच्या लायक नाही. खरं तर हा आघात शिरतो तो समरस होऊन ऐकण्याच्या वाटेने, म्हणजे ज्या गुणावर हे काम चालतं त्याच वाटेने. मनोविकारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या डीएसएमच्या 2013च्या आवृत्तीनेही, कामाचा भाग म्हणून अत्याचाराचे भयंकर तपशील वारंवार समोर येणं, हे आघाताचं एक कारण मानलं आहे.

मग योगासनं, छंद, डायरी? ते जरूर करावं, पण त्याला ढाल समजू नये. टेड बोबर आणि शेरिल रेगर यांनी कॅनडातल्या समुपदेशकांचा अभ्यास 2006 मध्ये मांडला. छंद, स्वतःची काळजी आणि सुपरव्हिजन यांना दिलेला वेळ आणि आघाताची लक्षणं यांचा त्यांना संबंध आढळला नाही. संबंध दिसला तो आठवड्यात आघातग्रस्तांसोबत किती तास काम होतं याच्याशी. म्हणजे सुपरव्हिजनचे नुसते तास भरूनही भागत नाही. त्या तासात काय होतं आणि त्यानंतर कामाच्या वाटपात काय बदलतं, यावर सगळं अवलंबून आहे.

आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी सुपरव्हिजन म्हणजे आढावा: किती केसेस, किती बंद, फाइल कुठे अडली. रजा आणि पगारवाढ ज्याच्या हातात, त्याच्यासमोर "मला भीती वाटते" असं कोण म्हणेल? म्हणून हा तास शक्यतो वरिष्ठाकडे नसावा.

त्या दिवशी मी तिला केस पहिल्यापासून सांगायला लावली नाही. सगळा प्रसंग पुन्हा उगाळला, तर तो माझ्याही डोक्यात शिरतो आणि तिच्याही डोक्यात आणखी घट्ट बसतो. विचारलं, "कुठलं एक चित्र डोळ्यांसमोरून हलत नाही?" ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पाण्याची बाटली. तो तिला रोज बाटली भरून द्यायचा." तिची मुलगीही व्हॅनवाल्या काकांकडून बाटली भरून घ्यायची. जोडणी तिथे झाली होती.

मग आम्ही सत्रांकडे वळलो. अत्याचार झालेल्या त्या मुलीने बाटलीचा विषय काढला की ही पटकन चित्रकलेकडे वळवत होती. मुलीला बोलायचं होतं, हिला ऐकवत नव्हतं. परोक्ष आघात ओळखण्याची मला सर्वांत विश्वासार्ह वाटणारी खूण ही: समुपदेशक नेमकं काय विचारायचं टाळते आहे? उलटंही होतं. कुणी आपला खासगी नंबर देते आणि रात्री बारालाही फोन उचलते.

शेवटची दहा मिनिटं तिच्या वेळापत्रकावर गेली. आठवड्याला तिची बारा सत्रं, बाराही अत्याचाराची, त्यातली चार सोमवारी सलग. तिच्या संमतीने मी संस्थेला फक्त वाटपाबद्दल लिहिलं, तासात बोललेलं काहीही नाही. महिनाभर भांडल्यावर अत्याचाराची सातच सत्रं राहिली. बाकीच्या वेळात पालकांचं मार्गदर्शन आणि अभ्यासाच्या अडचणींची मुलं आली. अनेक संस्थांत हे जमत नाही, कारण समुपदेशक एकच असते. तिथे सुपरव्हिजन लक्षणं लवकर ओळखू शकतं, ओझं कमी करू शकत नाही.

व्हॅनबद्दल मी काही सल्ला दिला नाही. दोन महिन्यांनी तिनेच सांगितलं की मुलगी पुन्हा व्हॅनने जाते, बाटली मात्र अजून घरूनच भरून नेते.