दोन ‘फिफ्टी’ आणि फोटोचे चार कोपरे

कॅननच्या डीएसएलआरसाठी ५० मिमीची लेन्स घ्यायची म्हटलं, की अनेकांचं घोडं दोन नावांपाशी अडतं. एक २०१५ साली आलेली एफ/१.८ एसटीएम, जेमतेम १६० ग्रॅम वजनाची. दुसरी १९९३ पासूनची एफ/१.४ यूएसएम, २९० ग्रॅमची आणि बरीच महाग. दोन्हींचे नमुना-फोटो शेजारी ठेवले की महागडीची पार्श्वभूमी जास्त धूसर दिसते आणि गिऱ्हाइकाचं मन तिकडे झुकतं. मात्र ते फोटो कोणत्या ॲपर्चरला काढले आहेत, हे आधी पाहायला हवं.

बहुतेक वेळा दोन्ही लेन्स पूर्ण उघडून फोटो काढलेले असतात. म्हणजे एकीचा एफ/१.४, तर दुसरीचा एफ/१.८. ही तुलना न्याय्य नाही. एफ/१.४ ला महागड्या लेन्सच्या चित्रावर पातळ धुक्याचा पडदा असल्यासारखं वाटतं आणि कोपरे मऊ पडतात, एफ/२.८ पर्यंत ॲपर्चर बंद केलं की तीच लेन्स खणखणीत होते. म्हणून दोन्हींचे फोटो एफ/१.८, एफ/२.८ आणि एफ/५.६ ला, एकाच कॅमेऱ्यावर आणि एकाच जागेवरून काढलेले हवेत. शक्यतो रॉ फाइल घ्यावी, कारण जेपीईजी करताना कॅमेरा कडांचा काळोख आणि शार्पनेस स्वतःच सुधारतो.

कडा तपासायला विटांची सपाट भिंत उत्तम. कॅमेरा ट्रायपॉडवर, भिंतीला समांतर. लाइव्ह व्ह्यूमध्ये चित्र दहापट मोठं करून मध्यावर फोकस करायचा आणि दोन सेकंदांचा टायमर लावून फोटो घ्यायचा. मग संगणकावर चारही कोपरे १०० टक्क्यांवर पाहायचे.

इथे घाईनं निकाल देऊ नये. चारही कोपरे सारखेच मऊ असतील, तर फोकस कोपऱ्यावर नेऊन आणखी एक फोटो काढावा. कोपरा आता स्वच्छ दिसला, तर लेन्सचा फोकस सपाट पृष्ठभागावर नव्हे, किंचित वक्र पृष्ठभागावर पडतो आहे. भिंतीच्या फोटोत हा दोष खुपतो. माणसांच्या फोटोत तो बहुधा कळतही नाही. एकच कोपरा मऊ असेल, तर कॅमेरा उलटा करून तोच फोटो पुन्हा घ्यावा. मऊपणा फ्रेमच्या त्याच कोपऱ्यात राहिला, तर त्या लेन्समधली भिंगं जागेवरून सरकलेली असण्याची शक्यता मोठी. ती परत करावी. मऊपणा समोरच्या कोपऱ्यात गेला, तर कॅमेरा भिंतीला समांतर नव्हता, एवढंच. सेकंडहँड लेन्स घेणाऱ्यानं ही परीक्षा चुकवू नये.

शिवाय २४ मेगापिक्सेलचा फोटो साध्या मॉनिटरवर १०० टक्के करणं म्हणजे साधारण पाच फूट रुंद प्रिंटला नाक लावून बघणं. आणि कॅमेरा एपीएस-सी सेन्सरचा असेल, तर लेन्सचे टोकाचे कोपरे फोटोत येतच नाहीत. अशा वेळी फुल फ्रेमवरचे नमुने पाहून लेन्स नाकारणं चूक ठरेल.

आता धूसर पार्श्वभूमी. ती किती धूसर होणार, हे लेन्सच्या छिद्राच्या व्यासावर ठरतं. ५० भागिले १.४ म्हणजे जवळपास ३६ मिमी. ५० भागिले १.८ म्हणजे जवळपास २८ मिमी. त्यामुळे सारख्याच अंतरावरून काढलेल्या फोटोत महागड्या लेन्सचे धूसर ठिपके सुमारे सव्वापट मोठे येतात. पण एसटीएम ३५ सेंटीमीटरपर्यंत जवळ जाऊ शकते, तर यूएसएम ४५ सेंटीमीटरला थांबते. फुलाचा किंवा अंगठीचा अगदी जवळून फोटो घेतला, तर स्वस्त लेन्समध्येही पार्श्वभूमी तितकीच विरघळते, किंबहुना कांकणभर जास्तच.

धूसरपणा किती आहे, यापेक्षा कसा आहे, हे डोळ्यांनीच ठरवावं लागतं. मागे दिव्यांची माळ आणि झाडाची पानं असलेला फोटो निवडावा. दिव्यांच्या गोळ्यांना उजळ किनार असेल, तर पानांच्या काड्या दुहेरी दिसून मन तिकडे ओढलं जातं. फ्रेमच्या कडेला गोळे बदामी आकाराचे होतात. तो लेन्सच्या नळीचा अडथळा असतो आणि ॲपर्चर बंद करत गेलं की कमी होतो. एसटीएममध्ये ७ गोलाकार पाती आहेत, त्यामुळे एफ/२.८ लाही दिवे बऱ्यापैकी गोल राहतात. तिच्या आधीच्या एफ/१.८ टू मध्ये पाच पाती होती आणि दिवे सरळ पंचकोनी दिसत.

लग्नाचे फोटो काढणाऱ्यानं हे सगळं कामाला लावून पाहावं. जोडप्याच्या क्लोजअपमध्ये कडा मुळातच धूसर असतात, म्हणजे तिथल्या शार्पनेसला अर्थ नाही. वीस जणांच्या ग्रुप फोटोत टोकाला उभ्या असलेल्यांचे चेहरे महत्त्वाचे, पण तो फोटो एफ/५.६ च्या आसपास निघतो आणि तिथे दोन्ही लेन्समध्ये फरक शोधावा लागतो. उरतो अंधाऱ्या मांडवात एफ/१.४ मुळे मिळणारा थोडा जास्तीचा प्रकाश. त्याची गरज वारंवार पडत नसेल, तर एसटीएम घ्यावी आणि उरलेले पैसे चांगल्या फ्लॅशसाठी ठेवावेत.