इडली स्टीमर मध्येच बंद पडतोय? कट-ऑफ ‘डायरेक्ट’ करण्याआधी हे वाचा

इडली व्यवसायाच्या व्हिडिओत पिठाबद्दल आणि हिशोबाबद्दल बोललो होतो, पण स्टीमरबद्दल फार बोलता आलं नव्हतं. आज फक्त त्याबद्दलच बोलू. सुरुवात आमच्या बॅचमधल्या एका ताईंच्या अनुभवापासून करतो.

ताई सानपाड्याला घरूनच सकाळच्या इडलीच्या ऑर्डर घेतात. ३६ इडल्यांचा, २००० वॉटचा इलेक्ट्रिक स्टीमर आहे. पहिले दोन घाणे झकास व्हायचे आणि तिसऱ्या घाण्याला मशीन आपोआप बंद पडायचं. ऐन घाईच्या वेळी! त्यांनी ओळखीच्या मेकॅनिकला बोलावलं. तो म्हणाला, "ताई, कट-ऑफ खराब झालाय, डायरेक्ट करून देतो." म्हणजे कट-ऑफच्या दोन्ही वायरी एकमेकींना जोडून टाकल्या. पुढचे चार दिवस मशीन एकदाही बंद पडलं नाही. तिसऱ्या घाण्याच्या खालच्या इडल्यांना जरा करपट वास यायचा, पण ताईंना वाटलं पीठ जास्त आंबलं असेल.

पाचव्या दिवशी ऑर्डर जास्त होती, म्हणून त्यांनी चौथा घाणा लावला आणि पार्सल द्यायला दारात गेल्या. परत येईपर्यंत घरभर जळका वास पसरला होता, भांड्याचा तळ निळा-तांबूस झाला होता आणि घरातली वीज गेली होती. कॉइल फुटली होती. नशीब एवढ्यावर निभावलं.

खरं तर तो कट-ऑफ अजिबात खराब नव्हता. तो रोज बरोबर वेळी बंद पडत होता. कसं, ते समजून घेऊ.

पाणी असेपर्यंत भांडं सुरक्षित का असतं?

पाणी उकळायला लागलं की त्याचं तापमान १०० अंशांच्या आसपास थांबतं. तुम्ही कितीही वीज द्या, पाणी त्यापेक्षा फारसं तापत नाही. जास्तीची सगळी उष्णता वाफ बनवण्यात खर्च होते. त्यामुळे पाण्यात बुडालेली कॉइलसुद्धा पाण्यापेक्षा थोडीशीच जास्त गरम राहते, कारण पाणी तिची उष्णता सतत ओढून घेत असतं.

आता पाण्याची पातळी कॉइलच्या खाली गेली की हीच उष्णता घेऊन जायला कोणी उरत नाही. वाफ आणि हवा हे काम पाण्यासारखं करूच शकत नाहीत. वीज तेवढीच येत राहते आणि कॉइलचं तापमान झपाट्याने चढतं. उघडी पडलेली कॉइल लाल होईपर्यंत तापू शकते. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, यावरून तळाचं काय होत असेल याची कल्पना करा. आधी तळाचा रंग बदलतो, मग तळ वाकतो, आणि कॉइलचं वरचं आवरण फुटलं की करंट थेट भांड्यात उतरू शकतो.

कट-ऑफ नक्की काय करतो?

बऱ्याच जणांना वाटतं की कट-ऑफ पाण्याची पातळी मोजतो. साध्या स्टीमरमध्ये तसं नसतं. तो फक्त तापमान ओळखतो. तळाला किंवा कॉइलला चिकटवलेली एक छोटी डबी असते. तिच्यात दोन वेगवेगळ्या धातूंची एकत्र जोडलेली चकती असते. तापल्यावर एक धातू जास्त पसरतो, दुसरा कमी. ठरलेल्या तापमानाला चकती ‘टक्’ करून उलट्या बाजूला वाकते आणि वीज तोडते.

समजा तो १३० अंशांना तुटणारा आहे. पाणी आहे तोवर ती जागा तिथपर्यंत तापतच नाही, म्हणून कट-ऑफ गप्प बसतो. पाणी संपलं की पारा वर चढतो आणि तो तुटतो. राईस कुकरमध्ये भाताने पाणी शोषलं की खटका वर उडतो ना? खटक्याची रचना वेगळी, पण तत्त्व हेच.

याचे दोन प्रकार असतात आणि विकत घेताना हा फरक नक्की विचारा. एक आपोआप पुन्हा जोडला जाणारा. भांडं थंड झालं की चकती सरळ होते आणि वीज परत सुरू होते. पाणी नसेल तर पुन्हा तापतं, पुन्हा तुटतं, असं चक्र कोणी बघेपर्यंत चालूच राहतं. दुसरा हाताने चालू करायचा. त्याला खाली किंवा मागे छोटं बटण असतं आणि ते दाबल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. धंद्यासाठी हा दुसरा बरा, कारण काय बिघडलंय हे तुम्हाला बघावंच लागतं.

"पण सर, घरात एमसीबी आहे ना, तो पडेल की!" नाही पडणार. एमसीबी जास्त करंट ओढला गेला तर पडतो. कॉइल पाण्यात असो की कोरडी, करंट जवळपास तेवढाच ओढते. २००० वॉटचा स्टीमर २३० व्होल्टला ८.७ अँपिअर घेतो, म्हणून त्याला ६ नाही तर १६ अँपिअरचाच सॉकेट लागतो. कोरड्या कॉइललाही तेवढाच करंट. ताईंच्या घरची वीज गेली ती कॉइल फुटून करंट भांड्यात उतरल्यावर, गळती ओळखणाऱ्या आरसीसीबीमुळे. म्हणजे नुकसान होऊन गेल्यानंतर. तरी आरसीसीबी आणि अर्थिंग होतं म्हणून ताईंना शॉक बसला नाही, हे विसरू नका.

तिसऱ्याच घाण्याला का बंद पडायचं?

आता हिशोब करू. २००० वॉटची कॉइल पूर्ण ताकदीने चालली तर मिनिटाला जास्तीत जास्त साधारण ५३ मिली पाण्याची वाफ करते. ताईंचा घाणा १२ मिनिटांचा, आणि ताटल्या काढून नवीन लावायला ३ मिनिटं. म्हणजे एका घाण्याला १५ मिनिटं, आणि पाणी गेलं जवळपास ८०० मिली.

त्या सकाळी ३ लिटर पाणी घालायच्या. त्यातलं तळाचं १ लिटर कॉइल बुडवून ठेवायलाच लागतं. म्हणजे खर्चायला उरलं २ लिटर. उकळी आल्यापासून साधारण ३८ मिनिटांत ते संपतं. दोन घाणे ३० मिनिटांत झाले आणि तिसरा अर्ध्यावर असताना कॉइल उघडी पडली. कट-ऑफ नेमका तिथेच तुटत होता!

डायरेक्ट केल्यावर काय झालं? रोज तिसऱ्या घाण्याच्या शेवटी कॉइल अर्धवट उघडी राहून तापत होती. करपट वास तिचाच होता. चौथा घाणा लावल्यावर तासाभराच्या आत तळाचं १ लिटरही संपलं आणि कॉइल पूर्ण कोरडी पडली.

प्रत्यक्षात पाणी याहून कमी लागू शकतं, कारण झाकणाला लागलेली वाफ थेंब होऊन परत खाली पडते. म्हणून स्वतःच्या मशीनचं माप स्वतः घ्या. मोजून पाणी घाला, एक घाणा काढा, मशीन बंद करून थंड होऊ द्या आणि उरलेलं पाणी मोजा. जो फरक येईल तेवढं पाणी दर घाण्यानंतर घालायचं.

घालताना ते उकळतं असू द्या. ताईंच्या मशीनमध्ये ८०० मिली साधं पाणी ओतलं तर पुन्हा उकळी यायला दोनेक मिनिटं जातात. तेवढा वेळ वाफ थांबते आणि इडली नीट फुगत नाही. शेजारी एक किटली ठेवली की प्रश्न मिटला. वरची मर्यादाही लक्षात ठेवा: पाणी सगळ्यात खालच्या ताटलीच्या दोन बोटं खाली हवं. त्याहून वर गेलं तर उकळताना उसळून खालच्या इडल्या चिकट होतात.

पाणी असूनही बंद पडत असेल तर?

मग कॉइल बघा. तिच्यावर पांढरा कडक थर असेल तर तो क्षारांचा आहे. हा थर कॉइल आणि पाणी यांच्यामध्ये गोधडीसारखा बसतो. पाणी भरपूर असूनही कॉइल आतून जास्त तापते आणि कट-ऑफ तुटतो. नवी मुंबई महापालिकेचं मोरबे धरणाचं पाणी वापरत असाल तर थर हळूहळू धरतो. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर बऱ्याचदा लवकर. खालच्या ताटलीतून गळलेलं पीठ कॉइलवर करपून बसलं तरी हाच परिणाम होतो, म्हणून साचे काठोकाठ भरू नका.

थर काढायला १ लिटर पाण्यात २ मोठे चमचे लिंबूसत्त्व टाका. कॉइल बुडेल एवढं असं पाणी करा, गरम करून मशीन बंद करा, प्लग काढा आणि अर्धा तास तसंच ठेवा. मग मऊ ब्रशने घासून दोनदा धुवा. भांडं ॲल्युमिनियमचं असेल तर दहा मिनिटांतच ओतून टाका, कारण आंबट पाण्याने ॲल्युमिनियम झिजतं. कॉइल चाकूने खरवडू नका.

बंद पडलं तर काय करायचं?

आधी स्विच बंद करा आणि प्लग काढा. झाकण उघडताना तोंड बाजूला ठेवा. भांडं कोरडं दिसलं तर लगेच गार पाणी ओतायचा मोह होतो, पण तो टाळा. तापलेल्या कॉइलवर पाणी पडलं की वाफेचा भपका थेट हातावर येतो आणि कॉइलला तडा जाऊ शकतो. अर्धा तास थंड होऊ द्या. मग पाणी, थर आणि करपलेलं पीठ या तीन गोष्टी तपासा आणि त्यानंतरच बटण दाबा. तळाचा रंग बदलला असेल किंवा कॉइलला फुगवटा, चीर दिसत असेल, तर इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय चालू करू नका.

सगळं ठीक असूनही कट-ऑफ तुटत असेल, तर तो खरंच खराब असू शकतो. तेव्हा तो बदला. नवा घेताना त्याच्यावर छापलेलं तापमान आणि अँपिअर जुन्यासारखंच हवं. मेकॅनिक "डायरेक्ट करू का" म्हणाला तर स्पष्ट नाही म्हणा.

ताईंनी नवीन कॉइल आणि नवीन कट-ऑफ बसवला. दोन दिवसांच्या ऑर्डर बुडाल्या त्या वेगळ्याच. आता ओट्यावर ८०० मिलीची खूण केलेला एक मग असतो, आणि ताटल्या बदलताना किटलीतलं पाणी त्या मगाने आधी घालतात. मशीन तेव्हापासून मध्येच बंद पडलेलं नाही.

तुमचा स्टीमर किती वॉटचा आहे आणि एका घाण्याला किती पाणी जातं, ते मोजून व्हिडिओखाली लिहा.