मूळव्याध नव्हे, चीर

एसटीत वाहक असलेल्या एका पस्तिशीतल्या बाईंची गोष्ट घ्या. व्यक्ती कल्पित आहे, पण अशा बाई डॉक्टरांच्या दारात नेहमी दिसतात. ड्यूटीवर बसस्थानकातल्या मुतारीत जावे लागू नये म्हणून त्या सकाळपासून पाणी बेतानेच पितात. तीन दिवस पोट साफ झाले नाही. चौथ्या दिवशी कुंथून खडा पडला आणि काच फिरल्यासारखी कळ गेली. शौचावर एका बाजूला लालभडक रेघ, भांड्यात दोन-चार थेंब. पुढचे दोन तास ठणका इतका, की बसमधल्या सीटवर टेकवेना. शेजारणीने निदान केले, ‘मूळव्याध’. दुकानातून मलम आले, कसलेसे चूर्णही आले.

आपल्याकडे त्या जागेच्या प्रत्येक दुखण्याला मूळव्याधच म्हणतात. पण आतल्या मूळव्याधीचे रक्त सहसा न दुखता पडते. कळ आणि त्यासोबत ताज्या रक्ताची रेघ असेल, तर बहुतेक वेळा ती गुदद्वाराच्या नाजूक त्वचेला पडलेली चीर असते. डॉक्टर तिला फिशर म्हणतात. ती बहुधा मागच्या बाजूला, माकडहाडाच्या दिशेला असते, कारण तिथे रक्तपुरवठा मुळात कमी. कूल्हे हलके बाजूला केले की ती डॉक्टरांना बरेचदा नुसत्या नजरेला दिसते. इतक्या दुखऱ्या जागी बोट घालून तपासण्याची घाई सहसा करत नाहीत, हे माहीत असले तर दवाखान्याची निम्मी धास्ती कमी होईल.

एवढीशी चीर तासन् तास का दुखते? गुदद्वाराभोवती एक गोल स्नायू असतो. तो आपल्या इच्छेने चालत नाही. चीर पडली की तो आवळून बसतो. शौचानंतरचा लांबलेला ठणका मुख्यतः या आवळण्याचा. आवळलेल्या स्नायूमुळे चिरेला रक्त आणखी कमी पोचते आणि ती भरत नाही. इकडे माणूस कळेच्या भीतीने शौचाला जाणे टाळतो. थांबलेला मळ आतल्या आत सुकून अधिक कडक होतो आणि दुसऱ्या दिवशी तीच चीर पुन्हा उकलतो. वाहक बाईंचे नेमके हेच झाले होते.

कोमट पाण्याचा शेक याच स्नायूसाठी आहे. रुंद टब किंवा घमेल्यात कंबर बुडेल इतके पाणी घ्यायचे. कोपर बुडवून पाहा, सुखद ऊब लागली पाहिजे, चटका नव्हे. त्यात दहा-पंधरा मिनिटे सैल बसायचे, दिवसातून दोन-तीनदा आणि शौचानंतर तर नक्कीच. पाणी साधेच हवे. डेटॉल किंवा तुरटी टाकल्याने चीर लवकर भरत नाही, उलट झोंबते. नंतर टॉवेलने टिपायचे, घासायचे नाही.

मात्र शेकाने आराम पडतो, मळ मऊ होत नाही. म्हणून रात्री एक-दोन चमचे इसबगोल, पण पेलाभर पाण्यासोबत आणि त्यावर आणखी पाणी. कमी पाण्यात घेतलेला इसबगोल पोटात घट्ट होऊन बसतो. गरज पडल्यास डॉक्टर लॅक्ट्युलोजसारखे पातळ औषधही देतात. बाईंना डॉक्टरांनी पाण्याची बाटली ड्यूटीवर संपवायला सांगितले. हा सल्ला देणे सोपे. बसस्थानकावर नीटसे स्वच्छतागृह नसेल तर पाळणे किती कठीण, ते त्याच जाणोत. लोहाच्या गोळ्यांनी आणि काही वेदनाशामकांनीही बद्धकोष्ठ होतो, म्हणून चालू औषधे डॉक्टरांना दाखवावीत.

ताजी चीर बहुधा काही आठवड्यांत भरते. सहा-आठ आठवडे उलटूनही कळ राहिली, तर डिल्टियाझेमसारखे स्नायू सैल करणारे मलम देतात. ते बधिर करणारे मलम नव्हे, त्यामुळे पहिल्या दिवशी फरक दिसला नाही म्हणून सोडू नये. स्टेरॉइड असलेली मलमे मात्र मनाने महिनोन् महिने लावली तर तिथली त्वचा पातळ होते. जुन्या चिरेच्या टोकाशी कातडीचा छोटा कोंब येतो आणि लोक त्यालाच मोड समजतात. यानेही भागले नाही तर स्नायूला छोटा छेद देणारी शस्त्रक्रिया चांगली काम करते. पण त्यानंतर काहींना वारा सरण्यावर पूर्ण ताबा राहत नाही, हे आधी विचारून घ्यावे.

रक्त मळात मिसळलेले असेल, शौच डांबरासारखी काळी होत असेल, वजन घटत असेल किंवा चिरा बाजूला नि अनेक असतील, तर शेकावर विसंबू नये. ताप येऊन दिवसभर ठणकणारी गाठ असेल, तर तो पू साठल्याचा संशय. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. चाळिशी ओलांडल्यावर पहिल्यांदाच रक्त दिसले, तरी तपासून घ्यावे.

वाहक बाईंचा ठणका पहिल्या आठवड्यातच निवळला. पण इसबगोल थांबवायचा नाही, असे डॉक्टरांनी बजावले. चीर भरून आल्यावरही काही महिने तिथली त्वचा कच्चीच असते.