रुमालाखाली न मावणारा सौदा

जुन्या बाजारांत हत्ता पद्धतीने सौदे होत. अडत्या आणि खरेदीदार एकमेकांचा हात हातात घेत, वर रुमाल टाकत आणि बोटं दाबून भाव ठरवत. शेतकरी शेजारीच उभा असे, माल त्याचा असे, पण रुमालाखाली काय चाललंय ते त्यालाच कळत नसे. नियमन केलेल्या बाजारांनी ही पद्धत बंद करून उघड लिलाव आणला. विदर्भाला या नियमनाचा इतिहास जवळचा आहे, कारण वऱ्हाडात कारंज्याचा कापूस बाजार 1886 सालीच नियमाखाली आला होता. गुप्तता गेली हे फार मोठं काम झालं. पण मला नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. रुमालाखालच्या बोटांना एकच गोष्ट सांगता येत होती, भाव. उघड लिलावातही मोठ्याने पुकारला जातो तो भावच. पैसे केव्हा हवेत, माल कोणत्या दिवशी उचलायचा, देठ कोणी काढायचे, हे सांगायला बोटं नव्हती आणि पुकारातही त्याला जागा नाही.

वाटाघाटींचा सराव वर्गात घ्यायचा म्हटलं की मला हा रुमाल आठवतो. सराव बेतायचा म्हणजे विद्यार्थ्यांच्या हाती भावाखेरीज आणखी तीन गोष्टी द्यायच्या आणि त्यांना त्या दिसतात का ते बघायचं. त्यासाठी भिवापूरच्या मिरचीसारखा दुसरा विषय नाही. ही मिरची नागपूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाची. तिला भौगोलिक मानांकन आहे आणि तिच्याभोवती सौद्याची सगळी गुंतागुंत आपोआप गोळा झालेली आहे. वाळवण, देठ काढण्याचं काम चालणारे मिरचीचे सातरे, अवकाळीची भीती, उमरेडच्या रस्त्याने नागपूरकडे जाणारा माल, हे सगळं तिथलंच. नागपूरकडच्या वर्गाला यातलं काही वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

दोन कागद तयार करायचे. एक शेतकऱ्याचा, एक मसाला दळणाऱ्या व्यापाऱ्याचा. मुद्दे चार, आणि प्रत्येकाला पाच पायऱ्या. भाव क्विंटलला 13,000 पासून 17,000 रुपयांपर्यंत, हजार हजाराने चढणारा. (आकडे सरावापुरते आहेत, बाजारातले समजू नका.) चुकारा त्याच दिवशी, 8, 15, 30 किंवा 45 दिवसांनी. माल उचलायचा 2, 4, 6, 8 किंवा 10 दिवसांत. आणि देठ: सगळा माल देठासकट, पाव माल देठ काढून, अर्धा, पाऊण, की सगळा. प्रत्येक पायरीपुढे त्या कागदाच्या मालकाला मिळणारे गुण लिहायचे. कागद समोरच्याला दाखवायचा नाही. तोंडाने काय सांगायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

सगळी करामत या गुणांत आहे. भावात शेतकऱ्याला खालून वर 0, 10, 20, 30, 40 आणि व्यापाऱ्याला बरोबर उलटे. कुठेही थांबा, बेरीज 40 च. इथे खरोखर एकाचा घास तो दुसऱ्याचा उपास. चुकाऱ्यात मात्र शेतकऱ्याला त्याच दिवशीचे 60, मग 45, 30, 15 आणि शेवटी 0. व्यापाऱ्याला उशीर आवडतो, पण थोडाच: 0, 5, 10, 15, 20. देठाचं याच्या उलट. देठासकट माल विकला तर शेतकऱ्याला 20 गुण आणि पायरीगणिक 5 कमी. व्यापाऱ्याला मात्र देठाविना मालाचे तब्बल 60, कारण त्याला पुढची मागणीच तशी आली आहे. त्याचे गुण 0, 15, 30, 45, 60 असे चढतात. राहिला माल उचलण्याचा दिवस. तिथे दोघांचेही गुण एकसारखे, 20, 15, 10, 5, 0, कारण दोघांनाही घाई आहे. शेतकऱ्याला अवकाळीची, व्यापाऱ्याला दळण सुरू करण्याची. फक्त समोरच्यालाही तीच घाई आहे हे दोघांपैकी एकालाही ठाऊक नसतं.

आता हिशेब करा. चारही मुद्द्यांवर मधली पायरी धरली तर शेतकऱ्याला 20, 30, 10 आणि 10 मिळून 70. व्यापाऱ्यालाही 70. दोघं हात मिळवतात, तुमचंही राहिलं, माझंही राहिलं. तेच जर भाव मधे ठेवून चुकारा त्याच दिवशी, सगळा माल देठाविना आणि उचल 2 दिवसांत असं ठरलं, तर शेतकऱ्याला 20, 60, 0 आणि 20, म्हणजे 100. व्यापाऱ्यालाही 100. कुणाच्या खिशातून काही काढून घेतलेलं नाही. दोघांचे मिळून हे जास्तीचे 60 गुण टेबलावर आधीपासूनच पडून होते. हा सौदा मी पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा बेरीज दोनदा तपासली होती. निम्मं निम्मं करणं आपल्याला इतकं न्याय्य वाटतं, की त्यात दोघंही सारखेच नागवले जाऊ शकतात हे पटायलाच वेळ लागतो.

कागदावर आणखी एक आकडा हवा. सौदा फिसकटला तर हातात काय उरतं, तो. दोघांनाही 55 द्या. रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांनी 1981 च्या आपल्या पुस्तकात हाच पर्याय सौदा मोजण्याचं माप मानला. तो नसेल तर सौदा चांगला की वाईट, हे मोजायचं कशाशी?

गुणपत्रक करताना हमखास होणारी चूक म्हणजे शेतकऱ्याचे गुण त्याच्याच समोरच्या व्यापाऱ्याशी ताडून विजेता जाहीर करणं. तसं केलं की दुसऱ्याचे 10 पाडण्यासाठी स्वतःचे 5 घालवणारा शहाणा ठरतो आणि सराव तिथेच मरतो. शेतकऱ्याची तुलना वर्गातल्या बाकीच्या शेतकऱ्यांशी करायची, व्यापाऱ्याची व्यापाऱ्यांशी. स्पर्धेच्या ब्रिजमध्ये हीच युक्ती असते: तीच पानं सगळ्या टेबलांवर फिरतात आणि त्याच हातात इतरांनी काय केलं त्यावर तुमचा निकाल लागतो. आणि हे गुण परीक्षेच्या गुणांत मुळीच धरायचे नाहीत. धरले की पोरं एकतर थापा मारू लागतात, नाहीतर कागद दाखवून मोकळी होतात.

वर्गातले एक तृतीयांश विद्यार्थी निरीक्षक करायचे, एका जोडीला एक. नील रॅकहॅम आणि जॉन कार्लाइल यांनी 1978 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रत्यक्ष वाटाघाटींत बसून बोलण्याचे प्रकार मोजले होते. कुशल माणसांच्या बोलण्यात प्रश्नांचा वाटा सुमारे 21 टक्के निघाला, सामान्यांच्या बोलण्यात 10 टक्क्यांहूनही कमी. हे हाती लागलं ते मोजलं म्हणून. ‘आत्मविश्वासाने बोलला’ असा शेरा लिहिणाऱ्या निरीक्षकाचा कुणाला उपयोग नाही. त्याच्या कागदावर तीनच गोष्टी हव्यात: पहिला आकडा कितव्या मिनिटाला आला, कोणी किती प्रश्न विचारले, आणि दोन मुद्दे एकाच वाक्यात कधी जोडले गेले. जोडणारं वाक्य जसं बोललं तसं, शब्दाला शब्द. निरीक्षकाने बोलायचं नाही, हसायचं नाही, मानही डोलवायची नाही.

अशा एका कागदावरचा तुकडा माझ्याजवळ आहे. अकरावं मिनिट. शेतकरी झालेला मुलगा म्हणतो, ‘पंधरा हजार ठीक आहे जी, पण पैसे आजच पायजेत.’ व्यापारी झालेली मुलगी आठ दिवसांवर अडून बसलेली. मग ती विचारते, ‘काऊन? आठ दिवसांत का बिघडते?’ तो म्हणतो, ‘मजुरांचा हिशेब शनिवारी करा लागते.’ निरीक्षकाने पुढे लिहिलंय: ती गप्प, साधारण दहा सेकंद. नंतर तिचं वाक्य: ‘आज पैसे दिले तं सगळा माल देठ काढून देसान का?’ दोन मुद्दे, एक वाक्य. त्या जोडीचा सौदा 100–100 वर संपला. तोपर्यंतची दहा मिनिटं दोघं भावाच्या एका हजारावर झगडत होते.

वेळ सौद्याला 25 मिनिटं आणि नंतरच्या चर्चेला किमान 40. हे प्रमाण उलटं केलं तर खेळ होतो, शिकणं राहून जातं. चर्चेआधी 5 मिनिटं प्रत्येकाने एकट्याने लिहायचं: समोरच्याला काय सगळ्यांत जास्त हवं होतं असं वाटतं? हे निकाल कळण्याआधीच लिहून घ्यावं लागतं. एकदा आकडे दिसले की प्रत्येकाला आपल्याला आधीच माहीत होतं असं वाटू लागतं.

मग फळ्यावर दोन रेषा काढायच्या. आडवी शेतकऱ्याच्या गुणांची, उभी व्यापाऱ्याच्या. प्रत्येक जोडीचा एक ठिपका. हॉवर्ड रायफा यांच्या 1982 च्या पुस्तकाने वाटाघाटी अशा चित्रातून बघायची सवय लावली. बहुतेक ठिपके 70–70 च्या आसपास दाटतात, वर उजवीकडे मोकळं रान असतं आणि त्यात एखाददुसरा ठिपका. वर्ग त्या रानाकडे बघत राहतो. त्या वेळी शिक्षकाने घाईने काही सांगू नये.

मग एखादी जोडी नजरेत भरते. शेतकऱ्याने भाव 17,000 पर्यंत ओढून नेलाय आणि बाकी सगळं मधे सोडलंय. त्याला 90, व्यापाऱ्याला 50. म्हणजे व्यापाऱ्याने सौदा मोडण्याहूनही वाईट सौद्यावर सही केली, आणि हा पठ्ठ्या भाव जिंकूनही 100 च्या खालीच राहिला. व्यापाऱ्याला 55 चा आकडा आठवला नाही का, की समोर बसलेल्याला नाही म्हणवेना, हे त्यालाच विचारावं. उत्तर बहुधा दुसरं असतं.

त्यानंतर माल उचलण्याचा दिवस. ‘6 दिवस कोणी ठरवले?’ असं विचारलं की हात वर होतात. दोघांनाही 2 दिवस हवे होते हे कळल्यावर वर्गात जो आवाज उठतो, तो मी कितीही वेळा ऐकला तरी मला नवाच वाटतो. ली थॉम्पसन आणि डेनिस ह्रेबेक यांनी 1996 मध्ये अनेक प्रयोगांचे निकाल एकत्र तपासले, तेव्हा अशा जुळणाऱ्या मुद्द्यावर सुमारे पाचव्या हिश्श्याच्या वेळा दोघांनाही नको असलेलंच ठरल्याचं दिसलं. समोरच्याला नक्की उलटं हवं असणार, हे आपण न विचारताच धरून चालतो.

निरीक्षकांची पाळी इथे येते. त्यांनी मत द्यायचं नाही, मिनिट सांगायचं आणि वाक्य वाचायचं. अकराव्या मिनिटाचं ते ‘काऊन?’ वाचलं गेलं की 70 वाल्या जोड्या आपापल्या निरीक्षकाकडे वळतात: आमच्यात असा प्रश्न आला होता का?

या सरावाला एक मर्यादा आहे. इथे प्रत्येकाला आपल्याला काय किती हवंय ते छापून मिळतं. खऱ्या शेतकऱ्याला आजच्या रोख पैशाची किंमत 60 आहे की 40, हे स्वतःलाच शोधावं लागतं. शिवाय पुढच्या हंगामात तोच व्यापारी पुन्हा दारात येणार असतो.

आणि त्या 100–100 च्या सौद्यात सगळा माल देठाविना जायचा आहे, तोही 2 दिवसांत. ते देठ सातऱ्यावर बसून बाया काढतात, तिखटाने हात भगभगत असताना, आणि मजुरी किलोवर. त्यांचा कागद आपण छापलेलाच नव्हता. म्हणून आता मी निरीक्षकाच्या कागदावर चौथी ओळ छापते: देठ कोण काढणार हे कितव्या मिनिटाला, कोणी विचारलं. चर्चेच्या शेवटी ती ओळ एकेका निरीक्षकाला वाचायला सांगते. बहुतेकांची ती ओळ कोरी असते.