‘प’ ऐकू आला म्हणजे ध्वनीत ‘प’ होताच का?

ध्वनिमुद्रण करणारे असोत की भाषाशास्त्राचे पहिल्या वर्षाचे विद्यार्थी, एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: ‘प ऐकू येतोय ना, मग आलेखात त्याचा ठसा सापडलाच पाहिजे.’ मग आलेख मोठा करून ओठ उघडतानाचा तो बारीक स्फोट शोधायचा आणि तो दिसला की ‘हा बघा प’ म्हणायचं. दिसला नाही तर मुद्रणाला नावं ठेवायची. या समजुतीचा आता कंटाळा आला आहे, कारण ती चूक असल्याचं साठ वर्षांपूर्वीच दिसून आलं आहे.

इंग्रजीतला ‘स्लिट’ हा शब्द मुद्रित करा. ‘स’चा फूत्कार संपतो आणि ‘ल’ सुरू होतो, नेमक्या त्या जागी कापून सुमारे 100 मिलिसेकंदांची निव्वळ शांतता घाला. ऐकणारा सांगतो, ‘स्प्लिट’. बोलणाऱ्याने ‘प’ उच्चारलेला नाही, आलेखात स्फोट नाही, तरी ‘प’ स्पष्ट ऐकू येतो. कारण ‘प’ उच्चारताना ओठ मिटलेले असतात आणि तेवढा वेळ आवाज जवळजवळ थांबतो. ती शांतता हीच कानासाठी एक खूण असते. शांतता म्हणजे माहितीचा अभाव, हा आणखी एक गैरसमज इथेच निकालात निघतो.

म्हणजे स्फोटाला किंमत नाही, असं मात्र नाही. अमेरिकेतल्या हॅस्किन्स प्रयोगशाळेचे ब्रूनो रेप यांनी 1984मध्ये ‘स’नंतर येणाऱ्या अशा व्यंजनांवर प्रयोग प्रसिद्ध केले. स्फोट जोरकस असेल तर थोडी शांतताही पुरते. स्फोटाचा जोर कमी करत नेला की तोच निवाडा मिळवायला शांतता वाढवावी लागते. अगदी क्षीण स्फोटही हिशेबात धरला जातो. एक खूण कमी पडली तर दुसरीने भरपाई करायची, असा हा व्यवहार आहे. त्याचा दर मात्र ठरलेला नसतो. शांतता भरपूर असली किंवा मुळीच नसली, तर स्फोट थोडा कमीजास्त केल्याने निवाडा सहसा पालटत नाही. खरी घासाघीस होते ती मधल्या, संदिग्ध पट्ट्यात.

‘हे सगळं ठीक, पण कान दोन्ही खुणा सुट्या ऐकतो आणि मेंदू नंतर बेरीज करतो,’ अशी शंका हटकून येते. फिच, हॅल्व्हेस, एरिक्सन आणि लिबरमन यांचा 1980चा प्रयोग तिला उत्तर देतो. त्यांनी ‘स्लिट–स्प्लिट’ कृत्रिम आवाजात घडवले. दुसरी खूण म्हणून स्फोट न घेता, ओठ उघडताना मुखातले अनुनाद ज्या प्रकारे सरकतात ते सरकणं घेतलं. ‘प’ला साजेसं सरकणं असेल तेव्हा सुमारे 25 मिलिसेकंद कमी शांततेत ‘स्प्लिट’ ऐकू आलं. आता गंमत पाहा. दोन ध्वनींपैकी एकात शांतता जास्त पण सरकणं ‘ल’चं, दुसऱ्यात शांतता कमी पण सरकणं ‘प’चं. दोन्ही बाबतींत ते वेगळे आहेत. सुटं ऐकलं जात असतं तर फरक ओळखणं सोपं जायला हवं होतं. प्रत्यक्षात ते कठीण गेलं, कारण खुणांनी एकमेकींना निष्प्रभ केलं आणि दोन्ही ध्वनी जवळपास एकच शब्द वाटले. याउलट दोन्ही खुणा एकाच बाजूला झुकल्या की फरक चटकन कळला.

हा सगळा कानाच्या यंत्रणेचाच परिणाम, एक आवाज दुसऱ्याला झाकतो म्हणून, असंही म्हटलं जातं. बेस्ट, मोरॉन्जिएलो आणि रॉबसन यांनी 1981मध्ये ‘से–स्टे’ या जोडीतल्या स्वराच्या जागी शिट्टीसारखे शुद्ध सूर घातले. ज्यांना ते बोलणं वाटलं, त्यांच्या निवाड्यात भरपाई दिसली. ज्यांना ते नुसते विचित्र आवाज वाटले, ते शांततेकडे किंवा सुरांकडे, एकाकडेच लक्ष देत होते. ध्वनी तेच होते. केवळ आवाज झाकला जाणं हे कारण असतं, तर दोन्ही गट सारखेच वागले असते.

उरलेले गैरसमज थोडक्यात. ‘एका भेदाला एक खूण’: इंग्रजीतल्या ‘रॅपिड–रॅबिड’ या एका जोडीसाठी लिस्कर यांनी 1986मध्ये सोळा संभाव्य खुणांची यादी दिली. ‘खुणांचं वजन कायम असतं’: सोलच्या कोरियन बोलीत नव्या पिढीने काही स्फोटकांच्या भेदात सुराच्या उंचीला जुन्या पिढीपेक्षा जास्त वजन दिलं आहे. आणि ‘घोष कधी सुरू होतो एवढं मोजलं की पुरे’: लिस्कर आणि अब्रॅम्सन यांनी 1964मध्ये अकरा भाषांतली स्फोटकं याच एका मापाने मोजली. त्यांत मराठीही होती, आणि ‘ब’ व ‘भ’ वेगळे करायला ते माप अपुरं पडलं.